पिशवीमागे दोन रुपये थंड करण्याचे

आमच्या कराडच्या गल्लीत अलकावहिनी डिसल्यांसारखी वाचणारी बाई नाही. कादंबऱ्या नव्हेत, पाकिटं. आधी तारीख, मग वजन, मग किंमत; तोवर मागची रांग चुळबुळत असते. मीही त्या रांगेत खूप चरफडले आहे.

कोपऱ्यावरच्या भास्करराव थोरातांच्या डेअरीत अर्ध्या लिटरच्या पिशवीवर अठ्ठावीस छापलेले आणि घेणार तीस. वरचे दोन थंड करण्याचे. आम्ही सगळ्या मुकाट देत होतो. अलकावहिनीही देत होत्या, पण त्यांचं कारण वेगळं होतं. त्यांच्या रेवतीचं भास्कररावांच्या मंदारशी जमत आलं होतं, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. होणाऱ्या व्याह्याशी दोन रुपयांवरून कोण भांडणार?

महिनाभर त्यांनी कळ काढली. मग एका सकाळी स्फोट झाला.

"भाऊ, छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर एक पैसा घेता येत नाही."

"अहो वहिनी, फ्रीज काय हवेवर चालतो? लाइट बिल कोण भरतं?"

"ते तुमच्या कमिशनमधून भरा. नाहीतर मला बिल द्या."

भास्करराव दुखावले. आपण काही चोर नाही, हे दाखवायला त्यांनी शिक्क्याचं पावतीपुस्तक काढलं आणि झोकात लिहिलं: दूध अठ्ठावीस, थंड करणे दोन, एकूण तीस. खाली सही. "घ्या! आमचा व्यवहार चोख असतो!"

एवढा चोख पुरावा तर पोलिसांनासुद्धा मिळत नाही.

त्याच दिवशी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन गेला, आणि बिलाचा व पिशवीचा फोटो लावून वजनमाप खात्याकडे लेखी तक्रारही गेली. काही दिवसांनी एक अनोळखी गृहस्थ पिशवी घेऊन, तीस रुपये देऊन, वजनमाप खात्याचं ओळखपत्र दाखवते झाले. पंचनामा झाला. भास्कररावांनी गुन्हा कबूल केला, दंड भरून प्रकरण मिटवलं.

अलकावहिनी माझ्या ओट्यावर येऊन रडल्या. "पोरीचं लग्न मोडलं गं मी. दोन रुपयांसाठी." मलाही वाईट वाटलं. आम्ही गप्प बसलो नसतो, तर हे एकटीच्या अंगावर आलं नसतं.

त्याच संध्याकाळी भास्करराव वहिनींच्या दारात. मी लाज सोडून मागोमाग आत शिरले.

"वहिनी, एकच विचारायचंय. मुलगी तुमच्यावर गेलीये का?"

वहिनींनी पदर सारखा केला. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही. "माझ्यापेक्षा वाईट आहे. बिल हातात आल्यावर मी कच खाल्ली होती. फोन तिनं लावला, तक्रारही तिनंच लिहिली."



"तर मग सुपारी येत्या रविवारीच उरकू," भास्करराव म्हणाले. "असलं माणूस गल्ल्याच्या बाहेर उभं असण्यापेक्षा आत बसलेलं बरं."