पॅसेजमधून वायर नेण्याचा अर्ज

आमच्या घरात लिहायचं काम बायकोचं होतं. दवाखान्याचा फॉर्म असो, बँकेची स्लिप असो, पेन तिच्याच हातात. मी चौथी पास. उभी हयात साखर कारखान्यात गव्हाणीवर काढली. तिथं ट्रकमधून ऊस पडतो, पट्ट्यावरनं आत जातो, लिहायचं काही नसतं. मला एकच अर्ज लिहिता येत होता, रजेचा. त्यातही कारण कुठलं लिहायचं ते तीच सांगायची.

ती गेल्यावर चार महिन्यांनी मला सोसायटीच्या कमिटीला अर्ज लिहायची वेळ आली. विषय होता वायरचा.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिन्याजवळचा फ्लॅट जावयाच्या मालकीचा. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाचा आम्ही भाड्यानं घेतलेला. मधे दोन दारं. लेकीजवळ राहायचं म्हणून नोकरी संपल्यावर कॉलनी सोडून कोल्हापुरात आलो, ते बायकोच्या हट्टानं. लेक घरातूनच एका कंपनीचं काम करते. कानाला यंत्र लावून दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायचं, समोर कॉम्प्युटर. एके दिवशी ती आपणहून म्हणाली, "आबा, मी माझं टेबल तुमच्याकडंच आणून ठेवते. सकाळी येते, संध्याकाळी जाते."

मी म्हटलं, बघ तुला जमत असलं तर. आत काय वाटलं ते मी तिला सांगितलं नाही. सकाळी दहा वाजल्यापासून दिवा लावेपर्यंत घरात बोलायला भिंत सोडून कोणी नसतं, हे लेकीला काय सांगायचं?

लोक म्हणतील, मग तूच जाऊन बस की तिच्या घरी. दोन दिवस बसलो. विहीणबाई चांगल्या आहेत, पण जुन्या वळणाच्या. मी आत पाऊल टाकलं की त्या डोक्यावर पदर घेऊन उठतात आणि आतल्या खोलीत जातात. मी आहे तोवर बाहेर येत नाहीत. त्यांच्याच घरात त्यांना कोंडून आपण खुर्चीत टेकायचं, हे मला झेपलं नाही.

अडचण नेटची होती. कंपनीची अट अशी की कॉम्प्युटर नेटच्या डबीला वायरनंच जोडलेला पाहिजे, हवेतलं नेट चालणार नाही. ती डबी लेकीच्या घरात. माझ्या घरात नवीन जोडणी घ्यावी म्हटलं तर नेटवाला म्हणाला, जिन्यातल्या पेटीत एकही जागा शिल्लक नाही, मोठी पेटी कधी बसेल सांगता येत नाही. मग त्यानंच वाट काढली. लेकीच्या डबीतून एक लॅन केबल काढायची, पॅसेजच्या छताकडेनं पट्टीतून न्यायची आणि माझ्या दारावरनं आत घ्यायची. मी विचारलं, करंट बसंल का? तो म्हणाला, "ह्यात लाईट न्हाय मामा, नुसती माहिती जाते." माहिती वायरमधून कशी जाते ते मला आजही कळलेलं नाही. पण पॅसेज सगळ्यांचा, म्हणून कमिटीची परवानगी पाहिजे म्हणाला.

मी अर्ज लिहिला. वरती मा. चेअरमनसाहेब, खाली आपला विश्वासू. मधे फ्लॅट नंबर, वायर कुठून कुठे जाणार, भिंतीला काही झालं तर भरून देईन, सगळं घातलं. तेवढं लिहायला चार दिवस गेले. सेक्रेटरींच्या हातात दिला तर ते शेवटची ओळ वाचून हसले. मी सवयीनं 'तरी रजा मंजूर करावी' असं लिहिलं होतं.

सेक्रेटरी माझ्या पोराच्या वयाचे, एका पतपेढीत कामाला. माणूस वाईट नाही. रजा खोडून त्यांनीच परवानगी केलं. मग त्यांनी भाडेकरूंचं रजिस्टर काढलं आणि बराच वेळ त्यात बोट फिरवत राहिले.

"मामा, ह्या फ्लॅटवर तुमचं नाव न्हाय."

मी म्हटलं, मग कुणाचं हाय?

"मामींचं. करार त्यांच्या नावावर हाय. अर्ज त्यांच्या सहीनं पायजे."

मला आधी कळेचना. मग आठवलं. करार झाला त्या आठवड्यात मी मलकापूरला भावाच्या घरी होतो, भावाचं आजारपण होतं. ती एकटी गेली, बोट टेकवायच्या यंत्रावर अंगठा देऊन आली. मला म्हणाली होती, तुमचं बोट काय नि माझं बोट काय, घर एकच.

मी सेक्रेटरींना म्हटलं, "ती मेली. तुम्ही खांदा दिलासा की."

त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, खांदा दिला खरा, पण सोसायटीला लेखी कुणी कळवलं नाही, म्हणून रजिस्टरला अजून त्या आहेत. मी म्हटलं, सगळी बिल्डिंग खाली उभी होती, आणखी काय कळवायचं? ते समजावून सांगत राहिले. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, त्यामुळं फ्लॅटच्या मालकाचं ना हरकत पत्र लागतं. मालक पत्र देणार ते करार ज्याच्या नावावर त्याच्यासाठी. ते माणूसच राहिलं नाही म्हणजे करार संपला. आता नवा करार, पोलिसांकडं माझी नोंद, त्याची प्रत, मालकाचं पत्र, जावयाकडनं वायर निघते म्हणून त्यांचं पत्र, आणि या सगळ्याला जोडून माझा अर्ज.

मी विचारलं, म्हणजे चार महिने मी कुणाच्या घरात राहतोय? ते म्हणाले, तसं धरून बसू नका मामा. पण मी धरून बसलो. घरी आलो तर कुलूप काढताना हात थांबला.

त्या रविवारी खाली पार्किंगमध्ये कमिटी बसली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. मलाही बोलावलं. चेअरमन रिटायर मास्तर. ते म्हणाले, एकाला दिली तर उद्या प्रत्येकजण वायर लोंबकाळत सोडणार, अगोदरच टीव्हीच्या वायरींनी जिना झाकलाय. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, लाईटच्या वायरजवळनं नको, काही झालं तर? एकजण म्हणाला, "लेकीला सांगा, तिकडं बसून काम कर. ह्या वयात तुम्हाला नेट कशाला? काय बघताय?" सगळे हसले. मीही हसलो. खरं कारण काय ते तोंडावर आलं होतं, पण पार्किंगमध्ये चारचौघांत ते बोलायचं कसं? मी म्हटलं, लेकीच्या कामासाठी पायजे, बस्स. सेक्रेटरींनी माझी बाजू लावून धरली. ठरलं ते असं, की कागद पुरे झाले तर हरकत नाही. म्हणजे गाडी परत मालकावर आली.

मालक पुण्यात असतो. भाडं माझ्या खात्यातून आपोआप जायचं, पण त्याच्याशी बोलायची ती बायको, दर महिन्याला. मी त्याचा आवाजसुद्धा ओळखत नव्हतो. मला भीती वेगळीच होती. एकटा म्हातारा, करार संपलेला. उद्या म्हणाला खाली करा, तर वायर राहिली बाजूला, लेकीपासून चार पावलांवरचं घरच जायचं. दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवून दिला. गप्प बसलो असतो तर कुणाला काय कळणार होतं? ती रजिस्टरला तशीच राहिली असती. खरं सांगायचं तर मला ते बरंही वाटत होतं. कुठंतरी एका वहीत ती अजून ह्या घरात राहत होती, आणि वायरसाठी ते मलाच खोडायला लागणार होतं.

तिसऱ्या दिवशी तिच्याच फोनवरनं लावला. नंबर त्यातच होता. त्यानं उचलल्या उचलल्या विचारलं, "काकू, किती दिवसांनी! तब्येत बरी आहे ना?"

मी म्हटलं, "मी तिचा नवरा बोलतोय. ती मेली. चार महिने झाले."

  तो म्हणाला, "मला कुणीच कसं सांगितलं नाही?" तो रागावला होता का रडत होता, मला ओळखता येईना. गेल्या वर्षी त्याच्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा ती त्याला रोज फोन करायची म्हणे. मला हे ठाऊक नव्हतं. मी घरातच तर असायचो. कधी करायची फोन? मी काय करत असायचो तेव्हा?

वायरचं मी अर्धंच सांगितलं असेल, तो म्हणाला, काका, मी येतो. आला. करार माझ्या नावावर झाला, यंत्रावर माझा अंगठा तीनदा उमटेना, उसानं घासलेला. पत्र तिथंच लिहून दिलं. जाताना घरात आला, तिच्या फोटोपुढं थोडा वेळ उभा राहिला, चहा न घेता गेला.

मग मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात एक ओळ जादा होती: या फ्लॅटमधील आधीच्या भाडेकरू, माझी पत्नी, मयत झाल्या असून कळवण्यास उशीर झाला, त्याबद्दल माफी असावी. मयत शब्दापाशी पेन अडलं. लेक म्हणाली, मी लिहू का? मी नको म्हटलं. सेक्रेटरींनी माझ्यासमोर रजिस्टर उघडलं, पट्टी ठेवून तिच्या नावावर रेघ मारली, शेजारी माझं लिहिलं. मी विचारलं, "झालं?" ते म्हणाले, झालं मामा.

परवानगी आठ दिवसांत आली. वायर छताला लागून पांढऱ्या पट्टीतूनच न्यायची, लाईटच्या वायरपासून लांब, आग विझवायच्या नळकांड्याच्या आड येता कामा नये, घर सोडताना स्वखर्चानं काढून भिंत पूर्ववत करायची. वरती माझं नाव, श्री. लावून. सोसायटीचं माझ्या नावानं आलेलं ते पहिलं पत्र.

नेटवाल्यानं दुपारपर्यंत पट्टी ठोकली. दुसऱ्या दिवशी लेक टेबल घेऊन आली, खिडकीपाशी बसली, कानाला यंत्र लावलं. मी खुर्ची ओढून जवळ बसलो. काय झोपलीस का नीट रात्री, एवढं विचारलं, तर तिनं बोट वर केलं. गिऱ्हाईक होतं. मग दुसरं आलं, मग तिसरं. दिवसभर ती बोलत होती, हिंदीत, इंग्रजीत, माझ्याशी सोडून सगळ्यांशी. मी पाय न वाजवता फिरत होतो. टीव्हीसुद्धा लावला नाही. ह्याच्यासाठी एवढं केलं का, असं वाटलं, आणि ती पाणी प्यायला उठली की वाटायचं, जाऊ नये.

जेवायच्या सुट्टीत तिनं यंत्र काढलं आणि विचारलं, "आबा, आईची चटणी कुठाय?"

मी म्हटलं, कसली चटणी? मी चार महिने दुकानातली पुडी वापरत होतो. तिनं पिठाच्या डब्यामागं हात घातला आणि कांदा-लसणाच्या चटणीची बरणी काढली. अर्धी भरलेली. भाकरीवर बोटानं लावून खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, तिखटानं की कशानं ते तिनं सांगितलं नाही. घड्याळ बघून परत जाऊन बसली.

मी बरणी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा. उरलेली रोज थोडी थोडी काढायची, का झाकण लावून होती तिथंच मागं ठेवायची? लेकीला विचारावं म्हणून दारापर्यंत गेलो. तिनं बोट वर केलं.