पावसाळ्यातली कावीळ आणि माझी लेक

लेक पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली तेव्हा रायपुरात पाऊस चांगलाच लागला होता. सातवा महिना सरत आला होता. पाऱ्यातली, म्हणजे आमच्या वस्तीतली, पोरं एकामागून एक पिवळी पडत होती, पण त्याचं कोणाला फारसं काही वाटत नव्हतं. समोरच्या दीदींचे यजमान तर कावीळ होऊन, काही आठवडे घरी पडून राहून, पुन्हा भनपुरीच्या गोदामात कामालाही जायला लागले होते.

आमची नळाची पाइपलाइन नालीतूनच जाते. पाणी येऊन गेलं की नळी रिकामी होते आणि जिथं फुटलेली असेल तिथून नालीतली घाण आत ओढून घेते. हे कळल्यावर मी गोल बाजारातून मोठं पातेलं आणून पाणी उकळायला सुरुवात केली. तोवर लेकीनं ते पाणी कितीतरी दिवस प्यायलं होतं.

आधी तिला बारीक ताप आला. मग जेवण पाहिलं की मळमळायचं, उलट्या व्हायच्या. गरोदरपणात होतंच, असं मी मनाला समजावत राहिले. एका सकाळी ती बाथरूममधून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "आई, लघवी चहासारखी झाली वो." तिला दारापाशी उजेडात उभं करून डोळे पाहिले. पांढरं होतं ते हळदीसारखं झालं होतं.

समोरच्या दीदी म्हणाल्या की पीलिया झाडणारा एक माणूस आहे, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन देतो, पाणी पिवळं होतं आणि रोग उतरतो. आमच्या यांनाही वाटलं, आधी ते करून पाहू, समोरचे तर बरे झालेच की. मला मात्र धीर निघेना. "तिच्या पोटात लेकरू आहे, मी थांबून नाही राहत," असं म्हणून मी ऑटो बोलावला.

मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायला दिलं. दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला आणि यांना बाजूला बोलावलं. पाऱ्यातल्या पोरांना बहुतेक ए प्रकारची कावीळ असेल, हिची ई निघाली, हिला भरती करावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही घाणीच्या पाण्यातूनच येतात, आणि पाणी प्यायल्यावर कित्येक आठवड्यांनी दिसतात. म्हणजे मी पाणी उकळायला लागले त्याच्या आधीच ते तिच्या पोटात गेलं होतं. मी विचारलं, "पण समोरचे तर घरीच बरे झाले, मग हिलेच काहून ॲडमिट करता?"

"बहुतेक लोक घरीच बरे होतात," त्या म्हणाल्या. "यावर खास औषध नाही, आराम लागतो आणि यकृत आपणच सावरतं. पण शेवटच्या महिन्यांत गरोदर बाईला ई झाली, तर यकृत एकाएकी काम सोडू शकतं. रक्त गोठत नाही, मेंदूवर परिणाम होतो. असं का होतं ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. गर्भारपणात शरीराची रोगाशी लढण्याची रीत बदलते, एवढं दिसतं."

त्यांनी नीट बजावलं होतं की ती सुस्त झाली, विसंगत बोलली की लगेच सांगा. तेव्हापासून मी तिच्याशी उगाच बोलत राहायची. भाजी काय करू, जावई कधी येणार, काहीही. उत्तर आलं की जीव भांड्यात पडायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "दीदी, आई कुठे गेली?"

मी नर्सला हाक मारत धावले. तिला आयसीयूत नेलं. रक्त गोठायला फार वेळ लागत होता. बाहेरून आणलेलं रक्त चढवत होते तेवढ्यातच कळा सुरू झाल्या. जावई भिलाईहून पोहोचला तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. मुलगी होती. रडली नाही.

लेकीच्या बाबतीतही काही सांगता येत नाही, असंच डॉक्टरीणबाई म्हणत राहिल्या. आयसीयूच्या काचेतून मी तिच्या छातीची हालचाल पाहत बसायची. श्वास वर गेला की खाली येईपर्यंत माझाही श्वास अडकलेला असायचा. मग एका सकाळी नर्स बाहेर आली आणि म्हणाली की पेशंट आईला बोलावते आहे. आत गेले. तिनं मला ओळखलं. बाळाचं तिनंच विचारलं, आणि माझ्याकडे पाहून समजून घेतलं.

डोळ्यांतला पिवळेपणा जायला पुढे बरेच आठवडे गेले. भूक हळूहळू आली. आता ती भिलाईला आहे. पाइपलाइन खोदून नवीन टाकली, तरी पाणी मी अजून उकळतेच. गेल्या पावसाळ्यात समोरच्या दीदींच्या सुनेला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. दीदींनी उठून प्यायचं पाणी उकळायला गॅसवर ठेवलं.