लेकीला ‘आपण’

रजिस्ट्री कचेरीच्या व्हरांड्यात टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या बाईंना सगळे विनम्रबाई म्हणत. अर्जाच्या शेवटी ‘आपला विनम्र’ हटकून टाइप करायच्या, म्हणून. बाईंना त्या नावाचा राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता.

माणसं यायची ती बोलत यायची. “लिहा, आठ दिवस नळाला टिपूस नाही, झोपलेत का सगळे?” बाई मान न उचलता टाइप करायच्या: ‘गेले आठ दिवस पाणीपुरवठा खंडित असून, आपण याकडे त्वरित लक्ष द्यावे ही नम्र विनंती.’ “मला विचारायचं होतं”चं त्या ‘आपणांस विचारण्याची अनुमती असावी’ करायच्या. राग, रड, शिव्या सगळं गाळून जे उरेल ते साहेबांच्या टेबलावर जायचं. आणि कामं व्हायची. बावीस वर्षांत हजारो माणसांची झाली.

जवळच्या कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करणारे एक म्हातारे बसत. बायको कधीच गेली होती. एकुलती एक लेक मनाविरुद्ध लग्न करून गेली, तेव्हा हे तिच्या लग्नालाही गेले नव्हते. त्याला अकरा वर्षं झाली. एका सकाळी हातातला सुई-दोरा तसाच घेऊन ते बाईंपुढे येऊन बसले.

“लेकीला पत्र लिहायचंय. ती आता मोठी अधिकारी आहे. माझी भाषा ही अशी गावंढळ. तुम्ही चांगलं लिहा.”

“सांगा तुमच्या शब्दांत. मी बघते.”

म्हातारे बराच वेळ बोलले. थांबत, नाक ओढत, मधेच सुई-दोऱ्याशी खेळत. बाईंनी शिसपेन्सिलीनं उतरवून घेतलं, मग टाइप करून वाचून दाखवलं: ‘मजकडून घडलेल्या चुकीबद्दल मी दिलगीर आहे. आपणांशी संवाद साधण्याची माझी दीर्घकाळची इच्छा आहे. तरी आपल्या सोयीनुसार भेट देण्याची कृपा करावी.’

“लेकीला ‘आपण’?” म्हातारे पुटपुटले.

“अधिकारी आहे ना? तुम्हीच म्हणालात चांगलं लिहा.”

“हो, ते खरंच.” त्यांनी जपून सही केली. बाईंनी शिसपेन्सिलीचा कागद चुरगाळून टोपलीत टाकला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तेही टाइप केलेलं. म्हाताऱ्यांनी पाकीट फोडायला बाईंकडेच आणलं. ‘आपले पत्र प्राप्त झाले. मालमत्तेसंबंधी काही म्हणणे असल्यास कृपया वकिलामार्फत कळवावे.’

“म्हणजे काय हो?”

बाईंनी उत्तर पुन्हा एकदा वाचलं. “तिला वाटलं, तुम्हाला घराच्या कागदांवर सही हवीय. आपण दुसरं लिहू. आत्ताच. तुम्ही बोललात तसंच्या तसं.”

म्हातारे हसले. “नको. चुकलो मी होतो, उत्तर बरोबरच आहे तिचं. किती नीटनेटकं लिहिते बघा.” कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. बाईंनी पुन्हा दोनदा विचारलं, पण त्यांनी विषय काढू दिला नाही.

तीन आठवड्यांत ते गेले. झोपेतच.

शेजाऱ्यानं फोन केला, तेव्हा लेक आली. सगळं आटोपल्यावर चौथ्या दिवशी ती व्हरांड्यात उभी राहिली. हातात तेच पत्र.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“मला वाटलं, कुणा वकिलानं लिहिलंय. बाबा मला ‘आपण’ म्हणाले, तेव्हाच मी समजले, आता आमच्यात काही उरलं नाही.” ती बाकावर बसली. “ते खरं काय म्हणाले होते?”

बाईंनी आठवायचा प्रयत्न केला. स्वतःची तीन वाक्यं तोंडपाठ होती, पूर्णविरामांसकट. म्हाताऱ्यांची मात्र बरीचशी निसटली होती. “‘एकदा येऊन जा गं’ म्हणाले. ‘काही करू नकोस, नुसती समोर बस.’ आणि लहानपणी तुम्ही त्यांच्या कोपऱ्यावर छत्री उघडून आत लपायचात, त्याचं काहीतरी... मला आता नाही आठवत. मी ते पत्रात घेतलं नाही.”

“का?”

“पत्रात शोभलं नसतं, असं वाटलं.”

लेकीनं तोंडावर पदर धरला. बराच वेळ ती हमसून हमसून रडत राहिली. बाई उठून तिच्याजवळ गेल्या, पण खांद्यावर हात ठेवायचं धाडस त्यांना झालं नाही. जाताना ती एवढंच म्हणाली, “‘गं’ तरी ठेवायचा होता, बाई.”

बाई पुढेही तिथंच बसल्या. नळाचे, दाखल्यांचे अर्ज तसेच लिहीत राहिल्या. ती भाषा कचेरीला लागतेच. पण कुणी घरच्या माणसाला पत्र लिहून मागितलं, की त्या कोरा कागद त्याच्यापुढे सरकवत.

“हे तुम्हीच लिहा,” त्या म्हणत. “चुका असू देत.”

ज्यांना लिहिता येत नसे, त्यांचं बाई हातानं लिहून देत, एकही शब्द न बदलता. टाइपरायटरवर तेवढा वेळ फडकं टाकलेलं असे.