दादाच्या खोलीवरची भेग

दिवाळे गावात घर बांधताना दादाने स्लॅबच्या काँक्रीटमध्येच पाणी अडवणारी क्रिस्टल पावडर मिसळून घेतली. "वरचं कोटिंग उन्हात सोलतं, हे भेगा आतून बुजवतं," तो म्हणायचा. बारीक भेगा पहिल्या पावसाळ्यात खरंच बुजल्या. त्याच्या खोलीवरची लांब भेग मात्र गळतच राहिली. तोवर पक्षाघाताने तो अंथरुणाला खिळला होता.

भेग बघायला आलेले इंजिनियर म्हणाले, "ही भेग ऊन-गारव्याने हलते. पावडरीने आत धरलेले स्फटिक पुन्हा तुटतात. इथे वरून ताणलं जाणारं कोटिंगच लागेल. पण स्लॅब ओला आहे, आत्ता चिकटणार नाही."

दादाने ते ऐकलं. मी त्याचा पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवला. तो छताकडेच बघत राहायचा.

पावसाळ्यानंतर स्लॅब सुकला, कोटिंग लागलं, गळती थांबली. दादा श्रावणातच गेला होता.