मालकांच्या रागाचा मेल

नगरच्या एमआयडीसीत आमचं लाकडी खोक्यांचं वर्कशॉप आहे. मोठ्या मशिनी बाहेरगावी पाठवायच्या असल्या की त्यांच्या मापाची खोकी आम्ही ठोकून देतो. आम्ही म्हणजे मालक, तीन सुतार आणि मी. मी गोंदियाकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन इतक्या लांब आले आणि इथं खिळे मोजून द्यायच्या कामाला लागले. एकदा मालकांनी मला मालासोबत जाणारं चलन लिहिताना पाहिलं. म्हणाले, "अक्षर बरं हाय तुझं. आत बस." आत म्हणजे पंख्याखाली, कॉम्प्युटरसमोर. त्या खुर्चीचे उपकार मी मनात रोज मानते, आणि ती जाईल ही भीतीही रोजच असते.

त्या महिन्यात भीतीला कारण होतं. एका मोठ्या कंपनीकडे आमचं चार लाख ऐंशी हजारांचं बिल चार महिने अडकलं होतं. लाकूडवाल्याने उधारी बंद केली. करवत गप्प झाली आणि सुतार दिवसभर रंधे पुसत बसू लागले. मालक एकदा स्वतःशीच बोलले, "महिनाअखेर पैसं न्हाई आलं तर दोघं घरी. काम न्हाई, तर आत बसायला तरी मानूस कशाला?" ते मला ऐकू आलं. नेमकं तेवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ते आले तेच तापलेले. टेबलासमोर उभे राहिले.

"मेल लिही."

"लिहिते."

"तुमचं हाफिस हाय का धर्मशाळा? आमची खोकी काय झाडाला लागत्यात? तुमच्या सायबांच्या वाढदिवसाच्या केकाला पैसं हायत आन् आमच्या खिळ्यांना न्हाईत. सोमवारपर्यंत पैसं आलं न्हाईत, तर आमचंच एक खोकं तुमच्या गेटवर ठेवीन आन् त्यात जाऊन बसंन. झाकण लावून."

मी सगळं लिहून घेतलं. झाकणसुद्धा.

मग ते पाणी प्यायले, थोडे निवले. "जरा नरम कर," म्हणाले. "पुढची ऑर्डर पन त्यांच्याकडनंच घ्यायचीय." आणि बँकेत निघून गेले.

नरम करायचं म्हणजे कसं करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. आदराने काही मागायचं मी आयुष्यात एकाच जागी शिकले होते, शाळेत, रजेच्या अर्जात. तो अर्ज मला अजून पाठ आहे. मी मनातल्या मनात बाकावर बसले आणि लिहायला लागले.

"माननीय साहेबांस सविनय नमस्कार. वरील विषयास अनुसरून विनंती करते की, आपल्या मोठ्या कंपनीस खोकी देण्याची संधी मिळाली, हे आमचे भाग्य. आपणास खूप कामे असतात, याची आम्हास जाणीव आहे. तरी सवड मिळाल्यास आमच्या बिलाचा विचार करावा, ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक."

विषय असा काही वर लिहिलेलाच नव्हता, हे नंतर लक्षात आलं. बिलाचा नंबर आणि रक्कम मी मुद्दामच घातली नाही. मोठ्या माणसांपुढे आकडा काढणं मला कसंतरीच वाटलं. फोनमधल्या ॲपवर त्याचं इंग्रजी करून घेतलं, मालकांच्या मेलवरून पाठवून दिलं आणि बऱ्याच दिवसांनी डबा पोटभर खाल्ला.

दुसऱ्या दिवशी चक्क उत्तर आलं. मालक खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "काय म्हनत्यात?"

मी फोनवर मराठी करून वाचून दाखवलं. "आपल्या प्रेमळ शब्दांबद्दल आभार. आपण सुचवल्याप्रमाणे सवडीने पाहू."

"मी सुचवल्याप्रमानं?"

तेवढ्यात मालकीणबाई डबा घेऊन आल्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. त्या बी.कॉम. आहेत, जीएसटीचं सगळं त्याच बघतात. त्यांनी आधी काल पाठवलेला मेल वाचला, मग मालकांनी सांगितलेला कागद वाचला आणि पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

"अहो, हिनं तुमच्यासाठी दोन दिवसांची रजा मागितलीय."

मालक हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. नुसते खिडकीतून बंद करवतीकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी उठून खुर्ची मागे सारली. "मी खिळ्यांवर जाते," म्हटलं.

"खिळं हायत कुठं मोजायला," मालक म्हणाले. "बस खाली."

काकूंनी मला एकच गोष्ट विचारली. "बिल कुठलं, पैसे किती, कधीचे, हे कुठंय यात?"

"ते बरं दिसंना, म्हणून..."

"बरं दिसण्यासाठी नको, सापडण्यासाठी लिहायचं. तिथल्या माणसापुढं अशी शंभर बिलं असतात. आपलं कुठलं, हे त्याला कसं कळणार?"

मग माझ्या मेलची प्रिंट आणि मालकांचा कागद शेजारी ठेवून त्या पेन घेऊन बसल्या. केक खोडला. झाडाला लागलेली खोकी खोडली. मालक म्हणाले, "धर्मशाळा तेवढी राहू द्या."

"धर्मशाळेनं बिल निघतं का?"

"मला बरं वाटतं."

धर्मशाळा गेली. सोमवारऐवजी तारीख आली. काकूंनी स्वतः एक वाक्य घातलं, की आमची लघुउद्योग म्हणून नोंदणी आहे, माल घेतल्यापासून पंचेचाळीस दिवसांची मुदत केव्हाच उलटली आहे, आणि त्या तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर सरकारी पोर्टलवर व्याजासह मागणी नोंदवावी लागेल. त्यात एकही वाईट शब्द नव्हता. तरी रागावलेल्या कागदापेक्षा हाच मला जास्त भारी वाटला.

राहिलं गेटवरचं खोकं. त्यावर पेन थांबलं. "गेटवर माल उतरल्याचा कागद आहे ना आपल्याकडे?" काकूंनी विचारलं.

तो मात्र माझ्याकडे होता. खोकी दोन टेम्पोंतून गेली होती आणि दोन्ही चलनांवर त्यांच्या गेटचा शिक्का मी तारखेसकट जपून ठेवला होता. जपून ठेवणं मला येतं, भीतीने का होईना. फाईल काढून दिली. त्यांचे फोटो मेलला जोडले, खरेदीखात्याबरोबर हिशेबखात्यालाही मेल पाठवला. शेवटी मी हळूच "आज्ञाधारक" टाइप केलं होतं, ते काकूंनी माझ्याच हाताने पुसायला लावलं.

दुपारी हिशेबखात्यातल्या कुणा बाईंचं उत्तर आलं. दुसऱ्या टेम्पोतला माल त्यांच्या स्टोअरने नोंदवलाच नव्हता. नोंदीत माल कमी आणि बिलात जास्त, म्हणून त्यांच्या सिस्टीममध्ये बिल अडकून पडलं होतं. शिक्क्याचं चलन बघून नोंद आजच होईल, पैसे पुढच्या आठवड्यातल्या पेमेंटमध्ये निघतील. चार महिने मालक रागावत होते, पण कुणावर रागवायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"म्हंजे खोक्यात बसायचं न्हाई," मालक म्हणाले. थोडे नाराजच दिसले.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी पैसे जमा झाले. मी मेसेज तीनदा वाचला, शून्यं बोटाने मोजली. तोवर मालकांच्या फोनवर लाकूडवाल्याचा निरोप आला होता. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. आमचं वर्कशॉप आहे की धर्मशाळा, असं त्याने विचारलं होतं.

"ह्याला काय लिहू?" मी विचारलं.

"बिल नंबर टाक, रक्कम टाक, उद्या सकाळी पैसं सोडतो म्हनून लिही. आन् शनवारी लाकूड धाड म्हनावं." मालक दारापर्यंत गेले आणि वळले. "खाली ते तुझं आज्ञाधारक पन टाक. त्याला जरा बरं वाटंल."