नाव सांगायची पाळी

उदगीरच्या किल्ल्यासमोर माझी चहाची टपरी आहे. त्यामुळे आमचा गाईड जिलानी पाहुण्यांचं स्वागत कसं करतो ते मला तोंडपाठ झालंय. आत गेल्यावर तो काय सांगतो ते मला ऐकू येत नाही, पण त्यानं काही बिघडत नाही. तो स्वतःच म्हणतो, "पुढचं समदं पुस्तकात भेटतंय. पहिल्या मिनिटात मानूस आपला झाला पायजे, न्हाईतर खंदकापासूनच घड्याळ बघतंय."

त्याची रीत अशी. आधी सलाम-नमस्कार, मग स्वतःचं नाव. मग एकेकाला नाव-गाव विचारायचं आणि ते मोठ्यानं परत म्हणायचं, म्हणजे त्याच्याही डोक्यात बसतं आणि बाकीच्यांच्याही. शेवटी थट्टा, तीही स्वतःचीच. पोटावर हात फिरवून म्हणायचं, "या किल्ल्यात दुष्काळ कधी शिरला न्हाई, हा बघा पुरावा!" पाहुण्याची थट्टा करायची नाही, हा त्याचा नेम. मी म्हणायचो, एवढं कशाला जपतोस? तोंड चालतंय तोवर चालव. माझी अक्कल ती तेवढीच.

त्या रविवारी लातूरहून मिनीबस आली ती उशिरानं. माणसं वैतागलेली. पुण्याची दीपमाला आणि तिच्या मैत्रिणी मोबाईलला रेंज शोधत होत्या, वाटेत चढलेले बिदरचे ईश्वरप्पा ड्रायव्हरवर करवादत होते. जिलानीनं पोटाचा पुरावा आधीच काढला. कोणी हसलं नाही. त्याला घाम फुटला.

"बर्री, या या, ईश्वरप्पा, बिदर! तुमचा किल्ला मोठा, पर गाईड आमचा मोठा!" म्हातारा जरासा हसला. मग दीपमाला, पुणे. मग मागं उभी असलेली, हिरव्या लुगड्यातली साठीची बाई. तिनं तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. क्षणभर सगळे तिच्याकडे बघत राहिले. हातात आलेलं हसू निसटतंय असं जिलानीला वाटलं असणार.

"काय ताई, नाव इसरलात का? लगीन होऊन लई दिवस झाले वाटतं, मालक नुसतंच 'अगं' म्हणत्यात!"

पिकली की खसखस! ईश्वरप्पा तर खोकेपर्यंत हसले. बाई नवऱ्याकडे बघत राहिली. नवरा घाईनं म्हणाला, "सिंधू. शिरूर अनंतपाळ." आणि सगळे खुशीत दरवाजातून आत गेले.

दोन तासांनी जिलानी एकटाच पुढं आला आणि माझ्या बाकड्यावर बसला. चहा पुढं केला तर घेतला नाही.

"तिला खरंच आठवलं न्हाई रं," तो म्हणाला. आत त्यानं दोनदा "सिंधुताई" अशी हाक मारली, तरी तिनं वळून पाहिलं नाही. मग नवऱ्यानं, भागवतरावांनी, त्याला बाजूला घेऊन सांगितलं. वर्षभर झालं, बाईला विसर पडत चाललाय. पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जाऊन बसते. इथला गाईड प्रत्येकाला नाव विचारतो हे कुणाकडून तरी कळल्यावर मात्र तिलाच हौस आली, आपलं नाव आपणच सांगायचं. सगळ्या वाटेनं बसमध्ये ती घोकत होती, सिंधू, शिरूर अनंतपाळ.

"जिभेवर आलं असंल रं. मी थांबलो असतो तर आलं असतं. एका हशापायी मी ते गिळलं."

तेवढ्यात मंडळी बाहेर आली. जिलानी उठला, सरळ सिंधुताईंपुढं गेला आणि हात जोडले.

"ताई, माझं चुकलं. माफ करा."

बाईनं त्याला नीट न्याहाळलं. मग तोंडभर हसली.

"माफी कशाची, दादा? आपली तर आत्ताच गाठ पडली. नाव काय तुमचं?"

भागवतरावांनी मान वळवली. ते काही विसरले नव्हते.

"जिलानी," तो शेवटी म्हणाला. "उदगीर."

बस गेली. तो तसाच उभा होता. "जिला बोललो तिच्या ध्यानात न्हाई. आता मला माफ कोन करनार?" त्यानं मला विचारलं. मी कप विसळत राहिलो.

आताही तो नावं विचारतो. पण कुणी अडखळलं की गप्प उभा राहतो. माणसं चुळबुळतात, गाडीवाला हॉर्न वाजवतो, तरी तो थांबतो. परवा एका लहान मुलीला लाजून नाव सांगता येईना. तिची आई सांगायला निघाली, तर जिलानीनं तिला हातानं थांबवलं.

"सांगू द्या तिला," तो म्हणाला. "मला घाई न्हाई."