परशरामचा नंबर

वडगावच्या मालुबाईच्या घरात माग एक आणि माणूसही एकच. नवरा परशराम दोन वर्षांपूर्वी वारला, पण त्याचा मोबाईल नंबर तिनं बंद होऊ दिला नव्हता. साड्यांच्या इन्स्टाग्राम पानावर तोच नंबर होता. फोन आला की कुणीतरी विचारी, "परशराम हैत का?" एवढं ऐकायला बाई मागावरचा धोटा हातातून सोडून धावत यायची.

पण उघड्यावर ठेवलेल्या नंबराला चांगली-वाईट सगळीच माणसं सापडतात. भलत्या वेळी व्हिडिओ कॉल यायला लागले, तेव्हा शहराच्या कॅम्प भागात नोकरीला असलेली तिची भाची पूर्णिमा चिडली. "मावशी, हा नंबर आता काढतेच मी."

"आगं, पर गिऱ्हाइकं?"

"दुकानाचा ईमेल आन् वेबसाईटची लिंक दिसंल की. जुना नंबर खात्यात ऱ्हाईल, ओटीपी येतील त्याच्यावर, पर बाहेर कुणाला दिसणार न्हाय."

पानावरचा नंबर गेला. पण साडीच्या घडीवर नाव-नंबराची चिठ्ठी लावायची परशरामची रीत, आणि त्या चिठ्ठ्या जुन्या फोटोंत स्पष्ट वाचता येत होत्या. पोरीनं एकेक फोटो शोधून काढून टाकला. हुशार पोर! मालुबाईला मात्र वाटलं, नवऱ्याला पुन्हा एकदा घराबाहेर नेलं.

मग फोन गप्प झाला. ऑर्डरी वाढल्या, पण त्या दुकानाच्या ईमेलवर, आणि तो पूर्णिमा बघायची. मालुबाई साडी विणायची, पूर्णिमा पाठवून द्यायची. बोलायला कुणी उरलं नाही. एकटेपण खायला उठतं म्हणतात, ते खोटं नाही.

एका रविवारी पूर्णिमा सहज म्हणाली, "चिकोडीच्या कुणा नागेंद्रांचा मेल आलता. त्यांचा फोन हरवला, त्यात नंबर गेला. पानावरचा का काढला, परशराम बरे हैत न्हवं, असं इचारलंय. मी लिंक पाठवून दिली."

मालुबाईच्या हातातला चहा तसाच राहिला. परशराम असताना दर दिवाळीला पत्नीसाठी साडी नेणारे ते नागेंद्र. परशरामचे दोस्तच जणू.

"माणूस खुशाली इचारतोय आन् तू लिंक पाठवतीस व्हय गं?"

"मला काय म्हाईत, मावशी!"

"सगळ्यास्नी दिसू दे म्हणत न्हाय मी. त्या एकट्याला दे नंबर. आत्ताच्या आत्ता."

पूर्णिमानं लगेच मेल केला. चारच्या सुमाराला फोन वाजला.

"वैनी, नागेंद्र बोलतोय. परशराम कुठं हैत? लई दिवस झालं बोलून."

मालुबाई बोलायला गेली आणि थांबली. नवरा गेल्याचं साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. फक्त या एका माणसाला ठाऊक नव्हतं, आणि याच्यापुरता परशराम अजून मागावर बसलेला होता.

"सांगते," ती म्हणाली. "पर आदी तुमी सांगा भाऊजी, तुमच्यासंगं ते काय काय बोलायचे?"

नागेंद्र हसून सांगायला लागले. तिनं त्यांना मधे तोडलं नाही.